फोटोच्या पोटात काय दडलंय?

डिजिटल फोटो म्हणजे नुसतं चित्र, असंच आपल्याला वाटतं. पण मोबाईलमधून किंवा कॅमेऱ्यातून निघालेल्या जेपीजी फाईलमध्ये चित्राच्या आधी एक छोटासा कप्पा असतो, आणि त्यात कॅमेरा आपली टिपणं लिहून ठेवतो. या कप्प्याला ‘एक्झिफ’ म्हणतात. १९९५ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने हे स्टँडर्ड आणलं आणि आज जवळपास सगळे कॅमेरे ते पाळतात. फोटो कधी काढला, कुठे काढला, हे त्यात असू शकतं. कोणाचा काढला, हे मात्र नसतं. असं का, ते बघूया.

त्यासाठी एक गाजलेलं प्रकरण घेतो. अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात लपून बसले होते. शेजाऱ्याच्या खुनाबद्दल तिथल्या पोलिसांना त्यांची चौकशी करायची होती. ३ डिसेंबरला ‘व्हाइस’ मासिकाने ‘आम्ही मॅकॅफींबरोबर आहोत’ अशा थाटात त्यांचा एक फोटो साईटवर टाकला. फोटो आयफोनने काढलेला होता आणि एक्झिफ पुसायचं कोणाला सुचलं नव्हतं! वाचकांनी फाईल उघडली तर आत हे मिळालं: १५ अंश ३९ मिनिटं २९.४ सेकंद उत्तर, ८८ अंश ५९ मिनिटं ३१.८ सेकंद पश्चिम.

आता हे नकाशावर कसं शोधायचं? एक्झिफमध्ये अंश, मिनिटं आणि सेकंद असे तीन वेगळे आकडे असतात. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशात मिळवायचं. म्हणजे १५ + ०.६५ + ०.००८२ = १५.६५८२. तसंच रेखांश येतो ८८.९९२२. पण हे दोन्ही आकडे फाईलमध्ये नेहमी धन असतात. उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम, हे GPSLatitudeRef आणि GPSLongitudeRef या वेगळ्या जागांमध्ये एका अक्षराने लिहिलेलं असतं. पश्चिमेचा W पाहिला नाही आणि आकडे तसेच नकाशात टाकले, तर मॅकॅफी थेट आपल्या बंगालच्या उपसागराच्या मध्यभागी पोहायला लागतात. उत्तर समुद्रात आलं की आधी हे अक्षर तपासायचं. W म्हणून रेखांश ऋण घेतला की बोट पडतं ग्वाटेमालावर. म्हणजे ते बेलीझमधून केव्हाच सटकले होते. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर, तेव्हा सेकंदाचा दहावा भाग म्हणजे तीनेक मीटर. अर्थात आकडा तीन मीटरपर्यंत लिहिलेला असला म्हणून मोजमाप तितकं अचूक असेलच असं नाही. छताखाली किंवा उंच इमारतींच्या मध्ये जीपीएस सहज पन्नासेक मीटर भरकटतं.

आधी मॅकॅफी म्हणाले की हे आकडे मी मुद्दाम खोटे घातले होते. नंतर कबूल केलं की ते खरेच होते. दोनच दिवसांनी, ५ डिसेंबरला, बेकायदा देशात शिरल्याबद्दल ग्वाटेमालाच्या पोलिसांनी त्यांना पकडलं. पण त्यांची पहिली थाप कोणाला लगेच खोडता आली नाही, हे लक्षात घ्या. एक्झिफ म्हणजे साधी नोंद आहे, त्यावर ना सही ना शिक्का. कोणीही बदलू शकतो.

ठिकाणापेक्षा वेळेची गंमत जास्त आहे. एक्झिफ वाचायला exiftool नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो. त्यात समजा असं दिसलं:

```
DateTimeOriginal : 2024:08:15 18:42:10
GPSTimeStamp     : 13:12:08
```

पहिली वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळाची. दुसरी उपग्रहांकडून आलेली, आणि ती कायम ग्रीनिचच्या हिशोबाची, म्हणजे यूटीसी असते. दोन्हींत फरक साडेपाच तासांचा. म्हणजे घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलं आहे आणि बरोबर आहे. फरक पाच तास सत्तेचाळीस मिनिटं आला असता, तर घड्याळ सतरा मिनिटं पुढे असल्याचा दाट संशय घेता आला असता. खात्री नाही म्हणता येत, कारण कधी कधी मोबाईल काही मिनिटांपूर्वीची जीपीएस नोंदच चिकटवतो.

पण साध्या डिजिटल कॅमेऱ्यात जीपीएस नसतंच. मग वेळ फक्त घड्याळाच्या भरवशावर. आतली बॅटरी संपली की घड्याळ कुठल्यातरी १ जानेवारीवर परत जातं, आणि मग गणेशोत्सवातले फोटो जानेवारीतले दिसतात. शिवाय त्या वेळेपुढे टाईम झोन लिहायची सोयच २०१६ पर्यंत स्टँडर्डमध्ये नव्हती. त्यामुळे जुन्या फाईलमधले ‘रात्री ११:४०’ हे पुण्याचे की दुबईचे, ते फाईल सांगत नाही.

आता मुख्य प्रश्न, नाव का नाही? कारण साधं आहे. बटण दाबताना कॅमेऱ्याला जे मोजता येतं तेच तो लिहितो. घड्याळ आहे, म्हणून वेळ. उपग्रहांचे सिग्नल आहेत, म्हणून जागा. पण नाव ही मोजायची गोष्ट नाही. स्क्रीनवर चेहऱ्याभोवती चौकोन येतो तेव्हा कॅमेऱ्याला ‘इथे एक चेहरा आहे’ एवढंच कळलेलं असतं. तो कोणाचा, हे कळायला नावं लिहिलेल्या चेहऱ्यांची यादी लागते, आणि ती फोटोच्या बाहेर असते. गूगल फोटोज सारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यांचे गट पाडतं, पण त्यांना नावं आपणच देतो, आणि ते गट आपल्या खात्यात राहतात.

एक्झिफमध्ये Artist आणि CameraOwnerName अशा जागा आहेत खऱ्या. पण त्या फोटोग्राफरच्या आणि कॅमेऱ्याच्या मालकाच्या, आणि त्यासुद्धा कोणी टाईप केल्या तरच भरतात. फोटोतल्या माणसाच्या नावासाठी एक्झिफमध्ये रकानाच नाही. वृत्तसंस्थांच्या फोटोंत PersonInImage असा रकाना दिसतो, तो वेगळ्या स्टँडर्डचा आणि माणसाने भरलेला. पॅनासोनिकच्या काही कॅमेऱ्यांत बाळाचं नाव साठवता येतं, पण तेही आई-बाबांनीच टाईप केलेलं असतं.

मॅकॅफींच्या फाईलमध्येसुद्धा ‘मॅकॅफी’ असं एक्झिफने सांगितलं नव्हतं. एक्झिफने जागा सांगितली, नाव मासिकाच्या मथळ्याने सांगितलं. धोका आहे तो या दोन गोष्टी एकत्र येण्यात. आपण सायकल विकायला फोटो टाकतो, खाली नाव आणि नंबर देतो. हॉस्टेलची विंग फाईलने सांगितली की हिशोब पूर्ण! याउलट, कोणी एखादा फोटो दाखवून ‘हा अमुकच होता, फाईलमध्ये लिहिलंय’ म्हणाला, तर विद्यार्थी असो की रेक्टर, शांतपणे विचारावं: कुठल्या रकान्यात?

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की एक्झिफ गळून जातं, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं राहतं. फक्त जागा पुसायची असेल तर ही एक ओळ पुरते:

```
exiftool -gps:all= photo.jpg
```

मूळ फाईल photo.jpg_original या नावाने बाजूला राहते. तीच चुकून पाठवू नका म्हणजे झालं.