नोंद घ्यावी, पण कोणाची?

‘सोमवारपासून स्नेहल यांची लेखा विभागात नियुक्ती झाली आहे. त्यांनी सकाळी 10 वाजता मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. सर्वांनी नोंद घ्यावी.’

एखाद्या पतसंस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मजकूर सहज दिसेल. त्यात चूक काही नाही. तरी नव्याने येणारी बाई तो वाचून कोर्टाचं समन्स आल्यासारखी सावरून बसेल.

अशा वेळी बहुतेक जण ‘हार्दिक स्वागत’ आणि फुलांचा गुच्छ चिकटवतात. त्याने फारसं काही होत नाही, कारण थंडपणा विशेषणं कमी पडल्याने आलेला नसतो. मजकूर पुन्हा वाचा. लिहिणारा त्यात कुठेच नाही. स्नेहलशी बोलण्याऐवजी तिच्याबद्दल बोललं आहे. आणि करायचं ते सगळं तिनेच करायचं आहे. तिच्यासाठी कोणी काय करणार, याचा पत्ता नाही.

शिवाय एकाच मजकुरावर दोन कामं लादली आहेत, तिला सूचना आणि इतरांना खबर. ती आधी वेगळी करावीत. तिला स्वतंत्रपणे असं लिहिता येईल: ‘स्नेहल, सोमवारी सकाळी 10 वाजता या, मी वाट पाहतो. गेटवर माझं नाव सांगा, सुनीताताई खाली घ्यायला येतील. मूळ कागदपत्रं आणा. तपासून लगेच परत देऊ. पहिला दिवस ओळखीपाळखी आणि पासवर्ड मिळवण्यातच जाईल. एक वाजता आम्ही सगळे एकत्र डबा खातो, तुम्हीही या.’ वार, वेळ, कागदपत्रं सगळं तेच आहे. भर पडली ती नव्या माणसाला रात्री छळणाऱ्या प्रश्नांच्या उत्तरांची: कुठे जायचं, कोणाला विचारायचं, जेवायचं कोणाबरोबर. अर्थात सुनीताताईंना आधी विचारलेलं हवं. त्या सोमवारी रजेवर निघाल्या तर कोरडी सूचना परवडली.

ग्रुपवर मग एवढं पुरे: ‘स्नेहल सोमवारपासून आपल्याबरोबर आहेत. जीएसटीचं काम त्यांच्या हातचं आहे, त्यामुळे विवरणपत्रं आता त्या पाहतील. आपलं सॉफ्टवेअर त्यांना नवं आहे. पहिला आठवडा सुनीताताई शेजारी बसतील.’ इथे नाव बदलून पाहावं. दुसऱ्या कोणाचंही नाव बसत असेल, तर मजकूर अजून तिचा झालेला नाही. मात्र जिव्हाळ्याच्या भरात तिचं गाव, लग्न, मुलं ग्रुपवर टाकू नयेत. ते सांगायचं की नाही, हे तिचं तिने ठरवावं. ‘आपण सारे एक कुटुंब’ हेही नको. पहिल्याच दिवशी ते खरं नसतं, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं.

नियुक्तीपत्र मात्र कोरडंच असू द्या. पगार, परिविक्षेचा काळ, नोटिशीची मुदत यांत गोडवा मिसळला की अर्थ सैल होतो, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.