फॅ म्हणजे हरणं

पुण्याहून थायलंडला गेलेली एक बाई. चिआंग माईच्या बाजारात तिने पपईची कोशिंबीर खाल्ली, तिथे तिला ‘सोम ताम’ म्हणतात. पपई, शेंगदाणे, मिरची, लिंबू एवढंच तिला दिसलं. त्यात सुकट कुटून घातली होती, ते कळलं नाही. कोळंबीने आपल्या अंगावर पुरळ उठतं हे तिला ठाऊक होतं, पण कोळंबी तर दिसत नव्हती! रात्री दोन्ही हातांवर लालसर गांध्या उठल्या आणि खाज सुटली. बाकी श्वास नीट होता, ओठ सुजले नव्हते. सकाळी ती औषधाच्या दुकानात गेली.

असा सौम्य त्रास असेल तर थायलंडमध्ये आधी डॉक्टरकडे जायची गरज पडत नाही. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या दुकानातला फार्मासिस्ट विचारपूस करून, चिठ्ठीशिवाय देतो. त्याचा थाई शब्द ‘फेसात-चकॉन’. आपल्या ‘भेषज’ आणि ‘कर’ या शब्दांशी त्याचं नातं आहे. अडचण फक्त भाषेची, आणि ती पाच ओळींत सुटते. बाईने म्हणायचे शब्द असे:

सवात-दी खा. किन कुंग लॅव मी फूऽन खान थी खॅन तांग-तॅ मूआ-खूऽन. हाय-चाय पकति, पाक माय बुआम. फॅ या पेनिसिलिन. किन या ख्वाम-दान यू. खॉ या कॅ-फॅ बॅप माय ङुआंग, दाय माय खा?

म्हणजे: नमस्कार. कोळंबी खाल्ल्यावर काल रात्रीपासून हातावर खाजरं पुरळ आलं आहे. श्वास नेहमीसारखा आहे, तोंड सुजलेलं नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. झोप न येणारं ॲलर्जीचं औषध मिळेल का? पुरुषाने ‘खा’ऐवजी ‘ख्राप’ म्हणायचं. ‘फूऽन’ आणि ‘मूआ-खूऽन’मधला ऊ ओठ गोल न करता, ताणून म्हणायचा. ‘फ’ मात्र ‘फळ’मधला, ओठ मिटून.

या सगळ्यात ‘फॅ’ हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. त्याचा मूळ अर्थ हरणं. सामना हरला तरी ‘फॅ’, कोळंबी सोसत नसेल तरी ‘फॅ कुंग’: कोळंबीपुढे शरीर हरलं. तो वरच्या सुरात, लांबवून म्हणायचा. सपाट म्हटलात तर त्याचा अर्थ तराफा होतो. शब्दांचा क्रमही जपावा लागतो. ‘फॅ या’ म्हणजे मला औषधाची ॲलर्जी आहे, ‘या कॅ-फॅ’ म्हणजे ॲलर्जीवरचं औषध. घाईत उलटसुलट झालं तर मागणी आणि इशारा यांची गल्लत होते. म्हणून तोंडाने बोललात तरी हाच मजकूर थाई लिपीत लिहून घेतलेला कागद पुढे करावा. हॉटेलच्या काउंटरवरून तो कोणीही लिहून देईल.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती मधली ओळ, ‘हाय-चाय पकति, पाक माय बुआम’. यातलं ‘पकति’ म्हणजे आपली ‘प्रकृती’च, थाईत ‘नेहमीसारखं’ या अर्थाने. काय होतंय हे सगळेच सांगतात, काय होत नाही हे सांगायचं राहून जातं. फार्मासिस्टला नेमकं तेच हवं असतं, कारण त्यावरून तो गोळी द्यायची की रुग्णालयात पाठवायचं हे ठरवतो. ओठ, जीभ किंवा घसा सुजू लागला, दम लागला, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या, तर हा मजकूर बाजूला ठेवायचा आणि १६६९ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. तिथे खाजेच्या गोळीने भागत नाही.

तसं काही नसेल तर बहुधा सेटिरिझिन किंवा लोराटाडिन मिळतं. प्रौढाला दहा मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून एकदा. तासाभरात खाज उतरायला लागते, पुरळ जायला मात्र वेळ लागतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तो आधी सांगायचा, कारण मात्रा कमी करावी लागते. गर्भारपणही सांगायचं. क्लोरफेनिरामिनही मिळतं, पण ते घेतल्यावर गुंगी येते. दुपारी स्कूटर भाड्याने घेऊन डोंगरावर जायचं असेल तर ते नकोच. ‘माय ङुआंग’ हे दोन शब्द त्यासाठीच. सेटिरिझिननेही काहींना पेंग येते, म्हणून पहिली गोळी रात्री घेतलेली बरी.

फार्मासिस्ट बहुतेक वेळा उलटा एक प्रश्न विचारतो: ‘फॅ या आराय माय?’ कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का? उत्तर मजकुरात आहेच, त्या ओळीवर बोट ठेवायचं. नसेल तर ‘माय फॅ’. मग छोट्या पाकिटात गोळ्या घालून तो वर लिहून देतो: ‘वान ला १ मेत’, रोज एक गोळी. त्यापुढे ‘लांग आहान’ असेल तर ते जेवणानंतर. ‘आहान’मध्ये आपला आहार ओळखू येतो. आणि त्या जेवणात ‘कापी’ नको असं सांगायला विसरायचं नाही. कापी म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी. थाई रस्स्यांच्या वाटणात ती बऱ्याचदा असते, आणि कोशिंबिरीतल्या सुकटीसारखीच ताटात वेगळी दिसत नाही.