नीटला केळं चालतं, पण चॉकलेट नाही: डायबेटिस असलेल्या विद्यार्थ्यांसाठी नियम नेमका काय आहे?

नीट-यूजीच्या हॉल तिकिटावर सूचनांची लांबलचक यादी असते. त्यात खाण्याचे पदार्थ, सुटे असोत की पॅकबंद, आत नेता येणार नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पाण्याला मात्र सूट आहे. बाटली पारदर्शक हवी आणि तिच्यावर काही लिहिलेलं नको, त्यामुळे बिसलेरीसारख्या बाटलीचं लेबल घरीच काढून टाकलेलं बरं. स्टीलची बाटली गेटवरच राहते.

डायबेटिस असलेल्या विद्यार्थ्यांसाठी परीक्षा घेणाऱ्या एनटीएने वेगळी सूट दिली आहे. त्यांना शुगर टॅब्लेट, केळं, सफरचंद किंवा संत्र्यासारखं फळ आणि पाण्याची पारदर्शक बाटली नेता येते. चॉकलेट, गोळ्या, सँडविच असे पॅकबंद पदार्थ चालत नाहीत. जेईई मेनलाही हाच नियम आहे.

गोंधळ होतो तो इथे. टाइप 1 डायबेटिस असलेल्या मुलांना सीबीएसईच्या बोर्ड परीक्षेत चॉकलेट आणि सँडविच दोन्ही नेता येतात. त्यामुळे बारावीला चाललेला डबा नीटच्या गेटवर अडवला जाऊ शकतो.

'शुगरची गोळी' म्हणजे कोणती?

आपल्याकडे 'शुगरची गोळी' म्हटलं की डायबेटिसचं औषध डोळ्यासमोर येतं. नियमातली शुगर टॅब्लेट मात्र ग्लुकोजची गोळी आहे. औषधाची गोळी साखर कमी करण्यासाठी असते, ग्लुकोजची गोळी वाढवण्यासाठी. साखर उतरली असताना चुकून औषध घेतलं तर परिस्थिती आणखी बिघडू शकते. चहात टाकतात त्या शुगर-फ्री गोळ्याही इथे कामाच्या नाहीत, कारण त्यांनी साखर वाढत नाही.

रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, एकच प्रश्न तीनदा वाचावा लागतो. परीक्षेत हे सगळं टेन्शनमुळेही होतं, म्हणून मुलं दुर्लक्ष करतात. अशा वेळी साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज घेऊन 15 मिनिटं थांबायचं असतं. एका गोळीत अनेकदा 4 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे चार गोळ्या लागतात. पाकिटावरचा आकडा तेवढा पाहून घ्यावा. केळ्याचा परिणाम दिसायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे आधी गोळ्या आणि बरं वाटल्यावर केळं, हा क्रम सोयीचा.

खरी अडचण पेपरच्या आधीची

पेपर 2 ते 5, पण गेट दुपारी 1:30 ला बंद होतं आणि रिपोर्टिंग त्याच्या बरंच आधी असतं. समजा, लातूरच्या एका विद्यार्थिनीला 11:30 ची वेळ मिळाली. एरवी ती 1 वाजता इन्सुलिन घेऊन जेवते. त्या दिवशी तिने 11 वाजता इन्सुलिन घेतलं आणि धास्तीमुळे अर्धीच पोळी खाल्ली. जेवणाआधीच्या जलद इन्सुलिनचा जोर साधारण एक ते दोन तासांनी सर्वाधिक असतो. म्हणजे साखर उतरण्याचा धोका 12 ते 1 च्या दरम्यान, तपासणीच्या रांगेत उन्हात उभं असताना! गोळ्या आईच्या पर्समध्ये आणि आई गेटबाहेर असेल, तर नियमातली सूट असूनही उपयोग नाही. गोळ्या तिच्याच हातातल्या पारदर्शक पाऊचमध्ये हव्यात. त्या दिवशी डोस किती आणि कधी, हे डॉक्टरांशी आधीच ठरवावं. जमलं तर आधीच्या रविवारी त्याच वेळापत्रकाने एक मॉक टेस्ट द्यावी.

सेन्सर आणि पंपाचं काय?

दंडावरचा ग्लुकोज सेन्सर किंवा इन्सुलिन पंप मेटल डिटेक्टरच्या तपासणीत प्रश्न उभा करू शकतो. सीबीएसई बोर्ड परीक्षेत ग्लुकोमीटर, सेन्सर आणि पंपाला परवानगी देतं. राष्ट्रीय बाल हक्क आयोगानेही 2023 मध्ये स्पर्धा परीक्षांसाठी असंच सुचवलं. सेन्सर फोनला जोडलेला असेल तर फोन पर्यवेक्षकांकडे ठेवावा, असंही त्यात होतं. पण नीटच्या सुटीत गोळ्या, फळ आणि पाणी यांचीच नावं आहेत, उपकरणांची नाहीत. म्हणून उपकरण वापरणाऱ्यांनी डॉक्टरांचं पत्र जोडून एनटीएला आधीच ईमेल करावा. ईमेल, त्याचं उत्तर आणि माहितीपुस्तिकेतलं डायबेटिसचं पान, तिन्हींची प्रिंट जवळ असू द्यावी. पत्रात आजाराबरोबर उपकरणाचं नाव आणि ते काढता येत नाही हेही लिहून घ्यावं. गेटवरच्या कर्मचाऱ्याला सेन्सर माहीत असेलच असं नाही.