विश्लेषण : म्युच्युअल फंडाचे थोडे युनिट विकले, तर नफा सरासरी किमतीवर का धरता येत नाही?

वसई पूर्वेला गोखिवरे येथील एखाद्या औद्योगिक गाळ्यात काम करणारा सुपरवायझर चार वर्षे दरमहा १० हजार रुपयांची ‘एसआयपी’ भरतो, असे समजू. घराच्या आगाऊ रकमेसाठी त्याला चार लाखांची गरज पडली. त्याने मोबाइलवरच्या ॲपमध्ये सरासरी खरेदी किंमत पाहिली, सध्याच्या भावातून ती वजा केली आणि नफा काढला. गणित बरोबर होते. मात्र प्राप्तिकर विवरणपत्रात हा आकडा चालत नाही. कर किती, हे दुसऱ्याच हिशोबावर ठरते आणि दोन्हींतला फरक काही हजारांचा असू शकतो.

सरासरी किंमत निघते कशी?

सोयीसाठी दर वर्षीच्या बारा हप्त्यांचा एकच भाव धरू. पहिल्या वर्षी युनिटचा भाव म्हणजे एनएव्ही २० रुपये होता, दुसऱ्या वर्षी २४, तिसऱ्या वर्षी ३० आणि चौथ्या वर्षी ४०. दर वर्षी भरले १ लाख २० हजार रुपये. त्यात अनुक्रमे ६,०००, ५,०००, ४,००० आणि ३,००० युनिट मिळाले. एकूण ४ लाख ८० हजार रुपयांत १८ हजार युनिट, म्हणजे सरासरी किंमत २६ रुपये ६७ पैसे.

येथे पहिली चूक होते ती चारही भावांची बेरीज करून चाराने भागण्याची. तसे केल्यास साडेअठ्ठावीस रुपये येतात आणि ते चूक आहे. हप्त्याची रक्कम ठरलेली असल्याने भाव कमी असताना जास्त युनिट मिळतात, त्यामुळे खरी सरासरी नेहमी खाली राहते. एकूण गुंतवणूक भागिले एकूण युनिट, एवढेच सूत्र धरावे.

आता भाव ४५ रुपये आहे आणि ९,००० युनिट विकायचे आहेत. हाती येतील ४ लाख ५ हजार रुपये. सरासरीने या युनिटची किंमत २ लाख ४० हजार, म्हणून नफा १ लाख ६५ हजार रुपये.

कराचा हिशोब वेगळा कसा?

प्राप्तिकरात ‘आधी आले ते आधी गेले’ हा क्रम लागतो. डीमॅट खात्यातील रोख्यांसाठी तो कायद्यातच सांगितला आहे. फंडाच्या फोलिओत असलेल्या युनिटसाठी कॅम्स आणि केफिनटेक हे रजिस्ट्रारही तोच क्रम लावतात.

म्हणजे विकलेल्या ९,००० पैकी ६,००० युनिट पहिल्या वर्षीचे, २० रुपयांचे. उरलेले ३,००० दुसऱ्या वर्षीचे, २४ रुपयांचे. खरेदी किंमत झाली १ लाख ९२ हजार आणि नफा २ लाख १३ हजार रुपये. सरासरीपेक्षा तब्बल ४८ हजारांनी जास्त.

इक्विटी फंडाचे युनिट बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवले असतील, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त असतो. त्यावरील नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के दर आहे. दुसरा काही नफा नाही असे धरले, तर सरासरीच्या हिशोबाने ४० हजारांवर कर बसतो. तो ५,००० रुपये, चार टक्के उपकरासह ५,२००. प्रत्यक्षात कर ८८ हजारांवर आहे. तो ११,००० रुपये, उपकरासह ११,४४०.

फरक फक्त रकमेचा नाही. सरासरीला तारीख नसते, ही तिची खरी अडचण. विकलेले युनिट वर्षाच्या आतले की बाहेरचे, हे २६.६७ या आकड्यावरून कळत नाही. कराला मात्र किंमत आणि तारीख दोन्ही लागतात, कारण वर्षाच्या आत विकलेल्या इक्विटी युनिटवर २० टक्के दर आहे. एक्झिट लोड असेल, तर तोही याच क्रमाने मोजला जातो.

मग ४८ हजार गेले कुठे?

कुठेच नाहीत, ते पुढे सरकले आहेत. उरलेल्या ९,००० युनिटची खरेदी किंमत आता २ लाख ८८ हजार, म्हणजे प्रति युनिट ३२ रुपये. थोडी विक्री केल्यावर ‘माझी सरासरी एकदम वाढली कशी?’ असा प्रश्न अनेकांना पडतो, त्याचे उत्तर हे. स्वस्त युनिट गेले, महाग उरले. सगळे विकल्यावर दोन्ही पद्धतींचा एकूण नफा सारखाच येतो. सुरुवातीचे हप्ते चढ्या भावात भरले गेले असतील, तर उलटेही घडते आणि आधीच्या विक्रीतला नफा सरासरीपेक्षा कमी निघतो.

सरासरीची पद्धत चुकीची नाही, तिची जागा वेगळी आहे. गाळा चालवणाऱ्या कंपनीने फंडात पैसे ठेवले आणि थोडे काढले, तर हिशोबाच्या वह्यांत लेखा मानक १३ नुसार सरासरीच धरतात. त्याच कंपनीच्या कराच्या गणितात मात्र क्रम लागतो. कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकाला त्याच्या तिथल्या फंडावर सरासरीनेच कर भरावा लागतो. त्यामुळे त्याचा सल्ला इथे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

चूक कधी महागात पडते?

सव्वा लाखाच्या मर्यादेत राहून विक्री करायला गेल्यावर. सरासरीने प्रत्येक युनिटवर १८ रुपये ३३ पैसे नफा दिसतो, म्हणून सुमारे ६,८०० युनिट विनाकर विकता येतील असे वाटते. प्रत्यक्षात जुन्या युनिटवर २५ रुपये नफा आहे, त्यामुळे मर्यादा ५,००० युनिटलाच संपते.

योग्य क्रम माहीत असेल, तर हाच सुपरवायझर मार्चअखेरीच्या आत ५,००० आणि १ एप्रिलनंतर ४,००० युनिट विकू शकतो. भाव तोच राहिला, तर पहिल्या वर्षी नफा बरोबर सव्वा लाख आणि दुसऱ्या वर्षी ८८ हजार. कर शून्य. अर्थात मधल्या दिवसांत बाजार पडला, तर वाचवलेल्या ११ हजारांपेक्षा जास्त नुकसान होऊ शकते, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. मार्चच्या शेवटच्या दिवसावरही विसंबू नये. इक्विटी फंडात दुपारी ३ नंतर दिलेल्या विनंतीला पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा भाव लागतो आणि विक्री नव्या आर्थिक वर्षात जाते.

आकडा कुठे पाहायचा?

ॲपच्या पहिल्या पानावर नाही. रजिस्ट्रारकडून ‘कॅपिटल गेन स्टेटमेंट’ मागवावे. ते ईमेलवर येते आणि त्यात प्रत्येक विक्रीसमोर कोणत्या तारखेचे किती युनिट गेले, हे लिहिलेले असते. विक्रीची माहिती प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणातही पोहोचते. त्यामुळे विवरणपत्रात सरासरीचा नफा भरल्यास दोन आकडे जुळत नाहीत आणि खुलासा मागितला जाऊ शकतो.

एकाच योजनेचे दोन फोलिओ असतील, तर हा क्रम प्रत्येक फोलिओत स्वतंत्र लागतो. ॲप मात्र अनेकदा दोन्हींची मिळून एकच सरासरी दाखवते. विक्रीचे बटण दाबण्याआधी कोणता फोलिओ निवडला आहे, ते पाहावे. नव्या फोलिओत महाग युनिट असतील आणि त्यांना वर्ष उलटले असेल, तर तेथून विकल्यास त्या वर्षीचा नफा कमी भरतो.