एकतर्फी ओळखीचा अभ्यास

यूट्यूबवरची एखादी ताई रोज स्वयंपाकघरातून बोलते आणि बघणाऱ्याला ती घरातलीच वाटू लागते. तिला मात्र त्याचं नावही ठाऊक नसतं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 मध्ये टीव्ही-रेडिओच्या संदर्भात या एकतर्फी जवळिकीला ‘पॅरासोशल’ म्हटलं. आज इन्फ्लुएन्सरांवरच्या संशोधनाचा साहित्य आढावा लिहिणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात.

खरी अडचण पुढे येते. व्हिडिओ चालू असताना ‘ती माझ्याशीच बोलतेय’ असं वाटणं हा क्षणाचा अनुभव. व्हिडिओ संपल्यावरही तिची काळजी वाटणं, हे टिकलेलं नातं. रुबिन, पर्स आणि पॉवेल यांची 1985 ची 20 विधानांची प्रश्नावली स्थानिक टीव्ही बातम्यांच्या प्रेक्षकांसाठी होती. नावात ‘संवाद’ असला, तरी तिची बरीच विधानं नात्याकडे झुकतात. हार्टमन आणि गोल्डहूर्न यांनी 2011 मध्ये क्षणाच्या अनुभवासाठी वेगळी मोजपट्टी केली.

म्हणून निबंधांचे नुसते निष्कर्ष टिपू नका. तक्त्यात प्रत्येकापुढे कोणती प्रश्नावली वापरली, विधानं कशी बदलली आणि प्रश्न व्हिडिओनंतर लगेच विचारले का, हे लिहा. दोन निबंधांचे निष्कर्ष जुळेनात, तर आधी हेच रकाने पाहा. अनेकदा दोघांनी मोजलेली गोष्टच वेगळी असते.

आणखी एक रकाना हवाच: ती कॉमेंटला उत्तर देते का? देत असेल, तर ते नातं पूर्ण एकतर्फी म्हणता येत नाही.