साहाय्यकर्त्या राज्याचा दोष : समज आणि वस्तुस्थिती

एका राज्याने अपकृत्य करावे आणि दुसऱ्याने त्यासाठी शस्त्रे, द्रव्य किंवा विमानतळ पुरवावेत, असे घडले की पुरवठा करणारे राज्यही त्याच अपकृत्याचे कर्ते ठरते, ही जी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे ती न्यायबुद्धीला कितीही रुचली तरी कायद्याला धरून नाही. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ साली राज्यांच्या उत्तरदायित्वाविषयीच्या कलमांचा जो मसुदा कायम केला, त्यातील सोळाव्या कलमान्वये साहाय्यकर्त्या राज्याला जाब द्यावा लागतो तो स्वतःच्या साहाय्याबद्दल; तो दोष स्वतंत्र असतो, आणि त्यामुळे मूळ कर्त्याचा दोष तिळमात्रही हलका होत नाही. हा मसुदा म्हणजे करार नव्हे, हे खरे. परंतु हे कलम रूढिजन्य कायद्याचेच प्रतिबिंब आहे, असे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ साली स्पष्ट सांगितले आहे.

दुसरा गैरसमज याहून बळकट आहे. अत्याचारी हातांत आपली रसद पोहोचली एवढे सिद्ध झाले की साथ देण्याचा दोषही सिद्ध झाला, असे अनेकांना वाटते. वस्तुतः सोळावे कलम दोन अटी घालते. त्या कृत्याची परिस्थिती साहाय्यकर्त्याला ठाऊक असली पाहिजे, आणि तेच कृत्य त्याने स्वतः केले असते तर त्याच्याही बाबतीत ते बेकायदा ठरले असते, असे असले पाहिजे. म्हणून ज्या कराराने आपण बांधलेले नाही, त्याचा भंग करणाऱ्याला मदत केल्याने या कलमाखाली दोष येत नाही. शिवाय साहाय्याने त्या कृत्याला खरोखर हातभार लागलेला असावा लागतो. मात्र त्यावाचून ते कृत्य घडलेच नसते, इतके ते अपरिहार्य असण्याचे कारण नाही.

यांपैकी ज्ञानाची अट किती कठोर आहे हे ज्या खटल्यात दिसून आले, तो बॉस्नियाने युगोस्लाव्हियाविरुद्ध १९९३ साली दाखल केला व त्याचा निकाल, प्रतिवादीची जागा सर्बियाने घेतल्यावर, २६ फेब्रुवारी २००७ रोजी लागला. बॉस्नियातील सर्ब फौजेने ११ जुलै १९९५ रोजी स्रेब्रेनिट्सा घेतले आणि पुढील काही दिवसांत सात हजारांहून अधिक मुसलमान पुरुष व मुलगे ठार केले. या फौजेला बेलग्रेडकडून दीर्घकाळ पैसा व शस्त्रे मिळत होती, तिच्या काही अधिकाऱ्यांचा पगारही तेथूनच होई. या साधनसामग्रीचा काही अंश तरी त्या कत्तलीत वापरला गेला, याविषयी न्यायालयाला फारशी शंका नव्हती. ही फौज ज्या बॉस्नियातील सर्ब प्रजासत्ताकाची होती, ते राज्य नसल्यामुळे सोळावे कलम तेथे थेट लागू नव्हते. पण वंशसंहाराच्या करारातील साथ देण्याच्या गुन्ह्याचा अर्थ लावताना न्यायालयाने त्याच कलमाचा आधार घेतला आणि विचारले की, मदत देताना देणाऱ्याला निदान कर्त्याच्या मनातील त्या विशिष्ट संहारक हेतूची तरी जाणीव होती काय? शस्त्र बाळगता येण्याजोग्या वयाच्या पुरुषांचा संहार करण्याचा निर्णय शहर पडल्यानंतरच, फार थोड्या अवधीत झाला होता, आणि तो बेलग्रेडला कळल्यावर मदत चालू राहिली, हे निःसंशय सिद्ध झाले नाही. ११ विरुद्ध ४ मतांनी सर्बिया साथ दिल्याच्या आरोपातून सुटला. माझ्या मते ही कसोटी फारच कडक आहे, कारण ज्याला दारूगोळा द्यायचा त्याचा मनसुबा न विचारणे हे साहाय्यकर्त्याच्याच सोयीचे ठरते.

परंतु यावरून तिसरा गैरसमज करून घेऊ नये, की साथीचा आरोप टिकला नाही म्हणजे राज्य निर्दोष ठरले. साथ देण्यासाठी प्रत्यक्ष कृती आणि निश्चित ज्ञान लागते. वंशसंहार रोखण्याच्या कर्तव्याचा भंग मात्र स्वस्थ बसल्यानेही होतो, आणि त्यासाठी संहाराचा गंभीर धोका आहे एवढे ठाऊक असणे पुरे. बेलग्रेडचे त्या फौजेवर जे वजन होते, त्याचा उपयोग करून काही प्रयत्न झाल्याचे न्यायालयाला दिसले नाही. म्हणून १२ विरुद्ध ३ मतांनी सर्बियाने हे कर्तव्य मोडले, असा निर्णय झाला. भरपाई मात्र मिळाली नाही, कारण सर्बियाने कर्तव्य बजावले असते तर कत्तल टळलीच असती, असे पुरेशा निश्चितीने म्हणता येत नव्हते. त्या फौजेचा सेनापती व वंशसंहाराचा आरोपी रात्को म्लादिच याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या स्वाधीन न केल्याचाही दोष सर्बियावर ठेवण्यात आला. त्याला अखेर २०११ साली सर्बियातच पकडून हेगला धाडण्यात आले.