सरकारी वकील नेमका कोणाचा?

बचत गटाच्या बैठकीत किंवा कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या बायकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "सरकारी वकील आपल्या बाजूचा ना? मग आरोपीच्या फायद्याचा कागद त्यानेच कोर्टापुढे कसा ठेवला?" ज्या घरातली मुलगी गेली, त्या घराला हा विश्वासघातच वाटतो. म्हणून आज बाकीचं सगळं बाजूला ठेवून या एकाच प्रश्नाबद्दल बोलू.

आधी माणूस ओळखून घेऊ. खून, हुंडाबळी, बलात्कार असे गंभीर खटले सेशन कोर्टात चालतात आणि तिथे सरकार पक्षाची बाजू सरकारी वकिलानेच चालवायची असते. त्याची नेमणूक राज्य सरकार करतं. जिल्हाधिकारी सेशन जज्जांशी सल्लामसलत करून नावांची यादी करतात, तिच्यात किमान सात वर्षं वकिली केलेलेच लोक असतात. तालुक्याच्या कोर्टात सहायक सरकारी वकील असतात. त्यांची फी किंवा पगार सरकार देतं. फिर्यादीने त्यांना एक रुपयाही द्यायचा नसतो. "साहेबांना चहापाण्याचं बघा" असं कोर्टाच्या आवारात कोणी म्हणालं, तर ते ऐकून घेऊ नका.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. सरकारी वकील पोलिसांचा वकील नाही. तपास पोलिसांचा, खटला वकिलाचा, अशी कायद्याने मुद्दाम वाटणी केली आहे. ज्याने आरोपीला पकडलं त्याला आपली पकड बरोबरच वाटणार. म्हणून तो कागद थंड डोक्याने तपासायला दुसरा माणूस लागतो.

आता एक खटला समोर ठेवू. हा कोणा एकीचा खटला नाही, समजण्यासाठी मी जुळवलेला आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या कोर्टांत पुन्हा पुन्हा दिसते.

सव्वीस वर्षांची एक बाई संध्याकाळी घरात भाजली. नवऱ्याने आणि सासूने तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. रात्री हवालदार आला, त्याने जबाब लिहिला : "स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडाला, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही." दुसऱ्या दिवशी तिला जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला हलवलं. माहेरचे लोक पोहोचले. दुपारी नायब तहसीलदार जबाब घ्यायला आले. त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, डॉक्टरांनी तिला तपासून "शुद्धीवर आहे, बोलू शकते" असं लिहून सही केली. मग प्रश्नोत्तरं झाली. ती म्हणाली, "नवऱ्याने अंगावर रॉकेल ओतून काडी लावली." चौथ्या दिवशी ती गेली. अंत्यविधीनंतर भावाने पोलिसांना जबाब दिला. त्यात त्याने लग्न होऊन पुण्यात राहणाऱ्या नणंदेचंही नाव घातलं.

आरोपी तिघं झाली : नवरा, सासू, नणंद. पोलिसांनी दोषारोपपत्र पाठवलं, त्यात नायब तहसीलदारांनी घेतलेला जबाब आहे. हवालदाराचा जबाब नाही, तो ठाण्याच्या फायलीत पडून आहे. सरकारी वकील फाईल वाचताना हॉस्पिटलच्या नोंदीत "रात्री पोलिसांनी जबाब घेतला" अशी ओळ पाहतात आणि तो कागद मागवून घेतात. भाऊ हात जोडून म्हणतो, "साहेब, तो कागद बाहेर काढू नका. आमची केस जाईल."

वकील तो कागद कोर्टापुढे ठेवतात आणि आरोपीच्या वकिलालाही त्याची नक्कल देतात. असं करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आरोपीच्या उपयोगी पडू शकेल असा कागद आपल्याला नको म्हणून दाबून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये जेसिका लाल खुनाच्या खटल्यात सांगितलं. 2021 मध्ये त्याच कोर्टाने नियमावली घालून दिली. तिच्यानुसार पोलिसांनी ज्या कागदांवर भिस्त ठेवलेली नाही, त्यांचीही यादी आरोपीला द्यायची असते.

आता जरा उलटा विचार करा. तो कागद लपवला असता तर काय झालं असतं? हॉस्पिटलच्या नोंदी आरोपीचा वकीलही मागवतोच. तपास अधिकारी साक्षीला उभा राहिला की उलटतपासणीत पहिलाच प्रश्न आला असता, "रात्रीचा जबाब कुठे आहे?" मग तो कागद बाहेर आला असता, पण चोरून ठेवलेला माल सापडावा तसा. जज्जसाहेबांच्या मनात साहजिकच आलं असतं की यांनी आणखी काय लपवलं असेल? दुसरा जबाब खरा असूनही त्यावर संशयाची सावली पडली असती आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.

कागद समोर ठेवल्यामुळे सरकारी वकिलाला त्याबद्दल बोलता आलं. त्यांनी हवालदाराला साक्षीला बोलावलं. जबाब घेताना खाटेजवळ कोण होतं? नवरा आणि सासू. डॉक्टरांनी तिला तपासल्याची नोंद आहे? नाही. प्रश्न काय विचारले ते लिहिलंय? नाही. ड्यूटीवरच्या नर्सनेही नवरा खाटेशीच होता असं सांगितलं. मग पंचनामा वाचला गेला : स्टोव्ह जागेवर, न फुटलेला, टाकीत रॉकेल. साडीच्या जळक्या तुकड्यांवर आणि केसांत रॉकेल असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल. दोन जबाब एकमेकांविरुद्ध असले की कोर्ट पहिला किंवा शेवटचा असा क्रम बघत नाही. कोणता जबाब मोकळेपणाने दिला गेला आणि बाकीच्या पुराव्याशी कोणता जुळतो, हे बघतं. इथे दुसरा जबाब उभा राहिला, कारण पहिल्याशेजारी ठेवून तो पारखला गेला.

जाता जाता सांगते, डॉक्टरांचा शेरा नाही म्हणून मृत्युपूर्व जबाब लगेच फुकट जात नाही. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2002 च्या निकालात पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की जबाब घेणाऱ्याची खात्री पटली होती हे सिद्ध झालं तरी पुरतं. तरी शेरा असलेला केव्हाही बरा. भाजलेल्या बाईसोबत तुमच्यापैकी कोणी दवाखान्यात असेल, तर जबाबाच्या आधी डॉक्टरांना बोलवा आणि सासरचे-माहेरचे सगळेच बाहेर जातील एवढं बघा. माहेरचे आत राहिले तरी "शिकवून बोलवून घेतलं" असं उद्या म्हणता येतं.

नणंदेचं काय झालं? तिचं नाव मेलेल्या बाईने कोणत्याच जबाबात घेतलं नव्हतं. कोणा शेजाऱ्याने तिला त्या दिवशी गावात पाहिलं नव्हतं. युक्तिवादात सरकारी वकिलांनी स्पष्ट सांगितलं की तिच्याविरुद्ध पुरावा नाही. सासू दवाखान्यात होती, पण पेटवताना तिने काही केलं असं जबाबात नाही, हेही सांगितलं. भावाला राग आला. मला विचाराल तर या दोन वाक्यांनी नवऱ्याविरुद्धचा खटला घट्ट केला. घरातली सगळी नावं गोवली की आरोपीचा वकील तेवढंच पकडून बसतो आणि जी खरी गोष्ट आहे तीही बनावट वाटायला लागते.

"मग आमचाच खाजगी वकील उभा केला तर?" हा पुढचा प्रश्न. 1999 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे हाच प्रश्न आला होता. शिवकुमार नावाच्या फिर्यादीचं म्हणणं होतं की सरकारी वकिलाची संमती आहे, तर माझ्या वकिलाला खटला चालवू द्या. कोर्टाने नाही म्हटलं. खाजगी वकील शिक्षा मिळवायच्या एकाच ओढीने लढणार. सरकारी वकिलाला अशी तहान असता कामा नये, आरोपीच्या बाजूचं जे खरं आहे तेही त्याने सांगायचं असतं, हे कारण कोर्टाने दिलं. तुमचा वकील मदतीला राहू शकतो. तो सरकारी वकिलाच्या सूचनेखाली काम करतो आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो.

पण निःपक्षपातीपणाच्या नावाखाली ढिलाई चालत नाही. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरीत 1 मार्च 2002 रोजी 14 माणसं मारली गेली. साक्षीदार फिरले आणि 2003 मध्ये सर्व 21 आरोपी सुटले. सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये ताशेरे ओढले की सरकारी वकील आरोपीच्या वकिलासारखाच वागला, आणि खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला सांगितला. मुंबईच्या कोर्टाने 2006 मध्ये नऊ जणांना शिक्षा दिली. पुढे 2012 मध्ये हायकोर्टाने त्यातल्या पाच जणांना पुराव्याअभावी सोडलं आणि चौघांची शिक्षा कायम ठेवली. म्हणजे वकील झोपलेला असला तर गुन्हेगार सुटतो, आणि खटला नीट चालला तरी प्रत्येक आरोपीचा पुरावा वेगळा तपासला जातो.

ढिला वकील ओळखायचा कसा? साक्षीदाराला साक्षीपूर्वी तो भेटत नाही. भेटून पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवणं योग्य आहे, "असं बोल" असं पढवणं मात्र चुकीचं. साक्षीदार फितूर झाला, तरी त्याची उलटतपासणी घेण्याची परवानगी तो कोर्टाकडे मागत नाही. महत्त्वाच्या साक्षीदाराला समन्सच निघत नाही. असं दिसलं तर आधी त्यालाच लेखी द्या. एखादा आवश्यक साक्षीदार राहिला असेल तर कोर्ट स्वतःहूनही त्याला बोलावू शकतं, तसा अर्ज तुमच्या वकिलामार्फत देता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो.

शेवटी खटला मागे घेण्याबद्दल. सरकारने सांगितलं तरी सरकारी वकिलाने स्वतः विचार करूनच तसा अर्ज करायचा असतो आणि कोर्टाची संमती लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत यात एक भर पडली आहे. पीडित व्यक्तीचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टाला अशी परवानगी देता येत नाही. आरोपी सुटला तर पीडित व्यक्ती, आणि ती हयात नसेल तर तिचे कायदेशीर वारस, स्वतः अपील करू शकतात. त्यासाठी निकालाची नक्कल लागते. निकाल लागला त्याच आठवड्यात कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज टाका, कारण अपिलाची मुदत थोडी असते.